निवृत्तीचं गणित: दरवर्षी रँडम परतावा टाकून पाहिलं, पण उत्तर F9 दाबलं की बदलतं

मीरा_उवाच

अजून बारा-तेरा वर्षांनी काम थांबवायचा विचार आहे. तोवर साठलेली रक्कम पुढची ३० वर्षं पुरेल का, हे बघायला एक्सेलमध्ये शीट केली आहे. प्रत्यक्ष रकमा नको, सगळं शंभराच्या हिशोबात लिहिते. पहिल्या दिवशी १००, दर वर्षाच्या सुरुवातीला ४ काढायचे, उरलेले वर्षभर गुंतलेले. सगळे आकडे महागाई वजा करून आहेत, म्हणजे ४ हे कायम आजच्या किमतीतले ४. परतावा सरासरी ५ टक्के आणि स्टँडर्ड डेव्हिएशन १२ टक्के धरलं आहे. निम्मे शेअर्स, निम्मे रोखे असा माझा अंदाज.

तीन शीट्स आहेत. Input मध्ये B1 ते B4 मध्ये अनुक्रमे १००, ४, ५%, १२%. Ret मध्ये हजार ओळी, प्रत्येक ओळ म्हणजे एक संपूर्ण आयुष्य आणि तीस रकाने म्हणजे तीस वर्षं. Bal मध्ये शिल्लक.

```
Ret!B2:  =NORM.INV(RAND(),Input!$B$3,Input!$B$4)
Bal!A2:  =Input!$B$1
Bal!B2:  =MAX(0,A2-Input!$B$2)*(1+Ret!B2)
टिकले:   =COUNTIF(Bal!AE2:AE1001,">0")/1000
```

उत्तर येतं ८६ टक्के. F9 दाबलं की ८५.१, परत दाबलं की ८७.४. यातलं खरं कुठलं? आणि दुसरा, खरा प्रश्न: काम सोडल्या सोडल्या पहिली दहा वर्षंच बाजाराने काही दिलं नाही, तर? ८६ टक्क्यांत ती भीती कुठे बसली आहे तेच कळत नाहीये.

रोखठोक

ताई, एवढ्या खटाटोपाची गरज नाही. एका ओळीत उत्तर मिळतं:

```
=RATE(30,-4,100,0,1)
```

याचं उत्तर साधारण १.३ टक्के. म्हणजे महागाईच्या वर फक्त १.३ टक्के मिळाले तरी १०० मधून ४ प्रमाणे ३० वर्षं निघतात. तुम्ही ५ धरताय. मधे भरपूर जागा आहे. दहा वर्षं वाईट गेली तर पुढची चांगली जातात, सरासरी शेवटी सरासरीवरच येते. रँडम आकडे टाकून स्वतःला घाबरवून घेण्यात काय हशील?

गणू_मास्तर

रोखठोक, तुमचं १.३ बरोबर आहे आणि तो आकडा शीटच्या डोक्यावर लिहून ठेवण्यासारखाच आहे. पण तो सरळ रेषेसाठी आहे, दरवर्षी तेवढेच मिळाले तर. पैसे काढत असताना सरासरी सारखी राहिली तरी क्रमाने फरक पडतो. तीन वर्षांचंच बघा. पहिल्या वर्षी ३० टक्के घट, दुसऱ्या वर्षी १० टक्के घट, तिसऱ्या वर्षी सगळं भरून निघेल एवढी म्हणजे ५८.७३ टक्के वाढ. काहीच न काढता बसलात तर १०० चे १०० च राहतात, क्रम कसाही लावा.

आता दर वर्षाच्या सुरुवातीला ४ काढा.
वाईट आधी: ९६ चे ६७.२, मग ६३.२ चे ५६.८८, मग ५२.८८ चे ८३.९.
चांगलं आधी: ९६ चे १५२.४, मग १४८.४ चे १३३.५, मग १२९.५ चे ९०.७.

परतावे तेच, काढलेले पैसे तेच, पण तीनच वर्षांत जवळपास ७ चा फरक. पडलेल्या किमतीला जे विकून खाल्लं ते तिसऱ्या वर्षीच्या उसळीत सहभागी व्हायला उरलंच नाही. RATE ला हे दिसत नाही, त्याच्याकडे क्रम नावाची गोष्टच नाही.

मीराताई, आधी F9 चं. हजार ओळींत ८६ टक्के येतात तेव्हा त्या आकड्याची स्वतःचीच हालचाल साधारण १.१ टक्क्याची असते:

```
=SQRT(0.86*(1-0.86)/1000)
```

त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन-सव्वादोन टक्के इकडेतिकडे होणं ठरलेलं आहे. तुमचे ८५.१ आणि ८७.४ हे एकच उत्तर आहे. ओळी दहा हजार केल्या तर हालचाल साधारण एक तृतीयांशावर येईल, शीट मात्र रांगायला लागेल.

पण योजनांची तुलना करायची असेल, म्हणजे ४ ऐवजी ३.८ काढले तर काय, तेव्हा ओळी वाढवू नका. Ret शीट पूर्ण कॉपी करा आणि त्याच जागी फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा. RAND गोठला. आता दोन्ही योजना त्याच हजार आयुष्यांतून जातील आणि जो फरक दिसेल तो योजनेचा असेल, नशिबाचा नाही. मूळ सूत्रं दुसऱ्या एका ओळीत जपून ठेवा, नवा संच काढायला लागतील.

सुमेधा७१

छान धागा. माझाही असाच प्रश्न आहे. मी दरमहा ठरावीक रक्कम टाकते, अजून वीस वर्षं टाकणार. पहिली दहा वर्षं बाजार पडलेला राहिला तर माझंही असंच नुकसान होणार ना? मग आत्ता थांबावं का?

गणू_मास्तर

सुमेधाताई, तुमचं उलट आहे. तुम्ही काढत नाही, टाकताय. वर मी जे तीन वर्षांचं दिलं त्यात -४ च्या जागी +४ करून बघा, वाईट आधी आलेलं तुम्हाला फायद्याचं निघेल. तुम्हाला धोका शेवटच्या काही वर्षांत, जेव्हा रक्कम मोठी झालेली असते. यावर वेगळा धागा काढा, इथे दोन्ही मिसळलं तर गोंधळ होईल.

मीरा_उवाच

व्हॅल्यूज पेस्ट केल्या. शीटसुद्धा पळायला लागली. आता ८६.३ वर स्थिर आहे. पण दहा वाईट वर्षांचं?

गणू_मास्तर

त्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींतून वेगळी माहिती मिळते.

पहिला: तुमच्याच हजार आयुष्यांतून ज्यांचं पहिलं दशक वाईट गेलं ती वेगळी काढा. Ret मध्ये AG रकान्यात पहिल्या दहा वर्षांचा एकूण परतावा काढा, मग त्यांतली किती टिकली ते मोजा.

```
Ret!AG2: =EXP(SUMPRODUCT(LN(1+B2:K2)))-1
किती:    =COUNTIF(Ret!AG2:AG1001,"<0")
टिकली:   =COUNTIFS(Ret!AG2:AG1001,"<0",Bal!AE2:AE1001,">0")
```

दुसरा: दशक जबरदस्तीने वाईट करा. Ret ची एक प्रत काढा, तिच्यात B ते K सगळीकडे सरळ 0 भरा, L पासून पुढे तुमचे गोठवलेले आकडे तसेच ठेवा. Bal चीही प्रत काढून तिला या नव्या शीटकडे वळवा. दहा वर्षं महागाईइतकंच मिळालं, त्यानंतर नेहमीसारखं नशीब, असा त्याचा अर्थ.

करा आणि आकडे टाका. मी माझा अंदाज आधी सांगत नाही.

अवलिया_आकडे

वाचतोय.

मीरा_उवाच

पहिला मार्ग: १००० पैकी ११८ आयुष्यांत पहिलं दशक शून्याखाली. त्यांतली ३९ टिकली. म्हणजे ३३ टक्के!!
दुसरा मार्ग: सगळ्यांना दहा वर्षं शून्य दिलं तर ६० टक्के टिकली.

८६ वरून थेट ३३? आणि या दोन आकड्यांत एवढा फरक का? दोन्हीकडे दशक वाईटच आहे ना?

गणू_मास्तर

तसंच यायला हवं. पहिल्या मार्गात "शून्याखाली" मध्ये दहा वर्षांत २५-३० टक्के गमावलेलीही येतात. दुसऱ्यात सगळी बरोब्बर शून्यावर उभी आहेत, तेही एकही मोठा खड्डा न पडता. म्हणून ६० हा सौम्य वाईट दशकाचा आकडा आहे. AG रकान्यावर सॉर्ट करून सगळ्यात वाईट वीस ओळी डोळ्यांनी बघा, त्यांतली एखाददुसरीच टिकलेली सापडेल.

आता ८६ मध्ये भीती कुठे बसली आहे ते बघा. एकूण बुडालेली १३७. त्यांतली ७९ या ११८ मधली. म्हणजे निम्म्याहून जास्त अपयशांचा निकाल पहिल्या दहा वर्षांतच लागलेला आहे, जरी पैसे प्रत्यक्ष संपले ते बाविसाव्या किंवा सव्विसाव्या वर्षी. Bal!AF2 मध्ये

```
=COUNTIF(B2:AE2,">0")
```

टाकलंत तर पैसे किती वर्षं पुरले ते प्रत्येक ओळीला दिसेल. पंधराव्या वर्षाआधी संपलेलं जवळपास सापडणार नाही.

शून्यवाल्या दशकाचा हिशोब हातानेही पटतो. दहा वर्षांत ४० काढले, उरले ६०. पुढे वीस वर्षं ४ काढायचे:

```
=RATE(20,-4,60,0,1)
```

सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. रोखठोक, तुमचं १.३ इथे सव्वातीन होतं. जी भरपूर जागा होती ती दहा वर्षांत बरीचशी खाल्ली गेली.

रोखठोक

क्रमाचं मान्य. पण माझा मूळ मुद्दा तुम्ही टाळलात. वाईट दशकानंतर चांगलं येतं. या शीटमध्ये अकरावं वर्ष आधीच्या दहा वर्षांना ओळखतच नाही, दर वर्षी नव्याने चिठ्ठी. बाजार तसा चालत नाही. खूप पडलेला बाजार स्वस्त झालेला असतो. त्यामुळे तुमचे ६० टक्के फाजील निराशावादी आहेत.

गणू_मास्तर

स्वतंत्र चिठ्ठ्या ही या शीटची खरी मर्यादा आहे, हे शंभर टक्के मान्य. पण ती एकाच बाजूला झुकते असं नाही. अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत एस अँड पी ५०० ने लाभांश धरूनही किंचित उणे परतावा दिला, आणि पुढचं दशक दणदणीत गेलं. हे तुमच्या बाजूने. जपानमध्ये निक्केईने डिसेंबर १९८९ मधली पातळी पुन्हा ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. लाभांश धरले तर चित्र थोडं बरं होतं, पण १९९० मध्ये निवृत्त झालेल्याला "पुढचं दशक चांगलं" या भरवशावर फार थांबावं लागलं असतं. शिवाय १९६६ पासूनची अमेरिका बघा. तिथे बाजार कोसळण्यापेक्षा महागाईने जास्त मारलं, आणि महागाई एक वर्ष येऊन जात नाही, ती वर्षानुवर्षं चिकटून बसते. स्वतंत्र चिठ्ठ्यांत हे चिकटणं येत नाही.

अवलिया_आकडे

मग NORM.INV सोडा आणि खऱ्या इतिहासातून वर्षं उचला. सलग गठ्ठे उचलायचे, म्हणजे चिकटणं आणि सावरणं दोन्ही आपोआप येतं. Hist शीटमध्ये A2 पासून खाली महागाई वजा केलेले वार्षिक परतावे, समजा ८० वर्षांचे. पाच-पाच वर्षांचा गठ्ठा: B रकान्यात रँडम सुरुवात, पुढच्या चारमध्ये त्याच्या पुढची वर्षं. मी प्रत्येक ओळीला सहा सुरुवाती एका वेगळ्या Start शीटमध्ये ठेवतो.

```
Start!B2: =RANDBETWEEN(1,80)
Ret!B2:   =INDEX(Hist!$A$2:$A$81,MOD(Start!$B2+0-1,80)+1)
Ret!C2:   =INDEX(Hist!$A$2:$A$81,MOD(Start!$B2+1-1,80)+1)
```

असं पाचापर्यंत, मग Start!$C2. MOD मुळे यादी संपली की पुन्हा वरून सुरू होते. शेअर्स आणि रोखे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवले आणि सुरुवात दोघांना एकच दिली, तर त्यांचं एकमेकांशी नातंही त्या त्या वर्षाचं जसंच्या तसं राहतं.

गणू_मास्तर

हे उत्तम आहे, मीही असंच करतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ८० वर्षांत एकमेकांवर न चढणारी दशकं आठच. हजार ओळी केल्या तरी त्या आठ दशकांचेच तुकडे फिरून फिरून येणार, त्यामुळे "हजार आयुष्यं" म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसरं, ज्या देशाचा इतिहास घ्याल त्याचं नशीब शीटमध्ये शिरतं. अमेरिकेचा डेटा सहज मिळतो म्हणून सगळे तोच वापरतात, आणि तो शतकातल्या नशीबवान बाजारांपैकी एक आहे.

गठ्ठा किती वर्षांचा याचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. पाचाचा घेतला की दहा वर्षांचं लांबलेलं दुखणं मधेच तुटतं, दहाचा घेतला की वैविध्य संपतं.

मीराताई, NORM.INV मध्येही एक बघून घ्या. तुमचे ५ टक्के कुठून आणलेत? फंडांच्या पत्रकात असतो तो चक्रवाढ दर. सूत्राला हवी साधी सरासरी. साधी सरासरी ५ आणि विचलन १२ असेल तर चक्रवाढीने हातात साधारण ४.३ येतात. विचलनाचा वर्ग करून निम्मा वजा करायचा. तुमचे ५ जर चक्रवाढीचे असतील तर B3 मध्ये ५.७ टाकायला हवेत आणि तुमचे ८६ उगाच कमी दिसताहेत.

मीरा_उवाच

५ साधी सरासरीच होती, दरवर्षीचे आकडे घेऊन AVERAGE केलं होतं. म्हणजे तसंच ठेवते.

मग आता करायचं काय? सुरुवातीपासूनच ३.६ काढले तर सक्तीच्या शून्य दशकातही ८२ टक्के टिकतात, बघितलं. पण पहिल्या दिवसापासून दहा टक्के कमी जगायचं, आणि ते वाईट दशक कदाचित येणारच नाही, हे जिवावर येतं.

निवांत_जोशीकाका

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मला पेन्शन आहे, खर्चाच्या निम्मी. उरलेलं गुंतवणुकीतून. त्यामुळे तुमच्या शीटमधले ४ माझ्यासाठी २ च होतात आणि सगळं हिरवंगार दिसतं. पेन्शनवाल्यांनी घाबरू नये.

गणू_मास्तर

काका, पेन्शन महागाईबरोबर वाढते का, त्यावर आहे. वाढत असेल तर तुमचं बरोबर. ठरावीक असेल तर या शीटमध्ये तिला दरवर्षी झिजवावं लागेल, कारण इथे सगळं आजच्या किमतीत आहे. समजा खर्च ४ आणि ठरावीक पेन्शन २. महागाई ४ टक्के धरली तर वीस वर्षांनी त्या २ ची किंमत ०.९ उरते. तेव्हा गुंतवणुकीतून २ नाही, ३.१ काढावे लागतात. सुरुवातीची वर्षं हलकी जातात हा मात्र खरा फायदा, कारण नाजूक दशक तेच आहे.

मीराताई, आधीपासून कमी करायला नको. वाईट गेलं तरच कमी करायचं असा नियम शीटमध्ये घाला. शून्य दशकानंतर अकराव्या वर्षापासून ३.६ केले तर RATE सव्वातीनवरून बरोब्बर २ वर येतो. तुमच्या सक्तीच्या शीटमध्ये ६० चे ७५ च्या आसपास व्हायला हवेत.

मीरा_उवाच

७४.६. आणि नियम असा लिहिला, शिल्लक ८० च्या खाली गेली की दहा टक्के कपात:

```
=MAX(0,A2-Input!$B$2*IF(A2<80,0.9,1))*(1+Ret!B2)
```

अवलिया_आकडे

८० कायम ठेवू नका. शेवटच्या वर्षांत शिल्लक कमी होणं हा योजनेचाच भाग आहे. पंचविसाव्या वर्षी ५० उरलेले असतील तर तुम्ही मजेत आहात, तरी हा नियम कपात लावेल. उंबरठा उरलेल्या वर्षांबरोबर उतरायला हवा. मी उरलेली वर्षं गुणिले ३ असं धरतो. सुरुवातीला ९०, अकराव्या वर्षी ६०, पंचविसाव्या वर्षी १८. Bal च्या पहिल्या ओळीत शीर्षक म्हणून उरलेली वर्षं लिहा, A1 मध्ये ३०, B1 मध्ये २९ असं, आणि ८० च्या जागी A$1*3 टाका.

गणू_मास्तर

हे चांगलं. त्यात एक भर: कपात लावली की टिकण्याची टक्केवारी वाढणारच, ते काही यश नाही. शेजारच्या रकान्यात प्रत्येक आयुष्यात किती वर्षं कपातीत गेली ते मोजा.

```
=SUMPRODUCT(--(A2:AD2<A$1:AD$1*3))
```

पैसे संपल्यानंतरची वर्षंही यात कपातीचीच मोजली जातात, म्हणून हा आकडा फक्त टिकलेल्या ओळींसाठी वाचा.

रोखठोक

टिकलेल्यांतही कुणाची पंधरा वर्षं कपातीत गेली असतील तर तिला टिकलं म्हणायचं का? आणि खरोखर बाजार पडलेला असताना दहा टक्के कपात माणूस करतो का, हे कुठल्या सेलमध्ये टाकणार?

मीरा_उवाच

पहिल्याचं उत्तर मोजून सांगते. त्याआधी खर्चाचे दोन भाग करतेय, हलवता येणारा आणि न येणारा. दहा टक्के कपात सगळ्यावर लावली आहे खरी, पण औषधं आणि घरखर्च काढून बघितलं तर माझ्या ४ मधला हलवता येणारा भाग जेमतेम १ आहे. म्हणजे त्या भागाची कपात ४० टक्क्यांची होते.

निवांत_जोशीकाका

औषधांचा खर्च महागाईइतकाच वाढेल असं धरू नका बरं का. माझा तरी तसा वाढलेला नाही.

अवलिया_आकडे

त्यासाठी Input मध्ये वेगळी ओळ घ्या. औषधांचा भाग दरवर्षी महागाईच्या वर २ टक्के वाढतो असं धरून बघा, म्हणजे ०.५ चे तिसाव्या वर्षी ०.९ च्या आसपास होतात. मोजलेले आकडे टाका, माझ्या गठ्ठ्यांच्या शीटशी ताडून बघू.